पेंग्विन पूर्ण पक्षी आहे, कपाचं मात्र तसं सांगता येत नाही

प्रश्न: शब्दाचा अर्थ मनातल्या एका ठळक नमुन्याभोवती बांधलेला असतो, असं सांगणाऱ्या प्रोटोटाइप सिद्धान्ताबद्दल वाचत होतो. त्यात चिमणीसारखा पक्षी 'चांगला' नमुना आणि पेंग्विन 'वाईट' नमुना असं येतं. मग पेंग्विन अर्धवटच पक्षी आहे असं समजायचं का? आणि कप कुठे संपतो नि वाडगा कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही म्हणतात, ती हीच गोष्ट आहे की वेगळी?

उत्तर: वेगळी आहे. पेंग्विन पूर्ण पक्षी आहे. कप आणि वाडगा यांच्यामधली काही भांडी मात्र खरोखरच धड ना कप, धड ना वाडगा अशी असतात. या दोन गोष्टी बहुतेक प्रास्ताविक पुस्तकांत एकाच प्रकरणात, एकाच दमात येतात आणि तिथूनच तुमच्यासारखा गोंधळ सुरू होतो. मी शब्दकोशाचं काम करतो. नामांच्या व्याख्या लिहिताना हा फरक पाळला नाही तर व्याख्या हमखास फसते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कोणत्याही नामाबद्दल दोन प्रश्न विचारता येतात. एक, 'ही वस्तू त्या नावाचा किती चांगला नमुना आहे?' दुसरा, 'या वस्तूला ते नाव लागतं की नाही?' पहिल्याचं उत्तर कमी-जास्त असतं. दुसऱ्याचं उत्तर कधी ठाम असतं, कधी नसतं. पहिल्या उत्तरावरून दुसरं काढता येत नाही, एवढंच मला सांगायचं आहे. पण ते पटायला प्रयोगांकडे नीट बघावं लागतं.

एलेनॉर रॉश या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1975 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना याद्या दिल्या होत्या: पक्षी, फळं, फर्निचर, वाहनं वगैरे. प्रत्येक वस्तूला 1 ते 7 असा अंक द्यायचा. 1 म्हणजे त्या वर्गाचा अगदी उत्तम नमुना, 7 म्हणजे फारच ओढूनताणून. फर्निचरमध्ये खुर्ची आणि सोफा अव्वल ठरले, टेलिफोन तळाला गेला. पक्ष्यांमध्ये रॉबिन हा तिकडचा छोटा, लालसर छातीचा पक्षी सर्वांत वर होता, आणि पेंग्विन अगदी खाली.

आता त्या यादीतला एक बारकावा पाहा. पक्ष्यांच्या यादीत वटवाघूळही होतं आणि ते पेंग्विनच्याही खाली गेलं. म्हणजे अंकांच्या पट्टीवर पेंग्विन आणि वटवाघूळ एकमेकांच्या शेजारी. पण 'पेंग्विन पक्षी आहे का?' असं सरळ विचारलं तर ज्याला पेंग्विन माहीत आहे तो हो म्हणतो, आणि वटवाघूळ सस्तन आहे हे माहीत असलेला माणूस त्याबद्दल नाही म्हणतो. दोघांच्या मध्ये एक भिंत आहे आणि 1 ते 7 च्या पट्टीला ती दिसतच नाही. पट्टी चांगलेपणा मोजते. आत-बाहेर मोजण्याचं ते साधन नव्हेच.

मग हे अंक निरर्थक आहेत का? अजिबात नाही, आणि म्हणूनच या सिद्धान्ताला वजन आहे. यादीत वर आलेल्या वस्तूबद्दल 'हा पक्षी आहे' या वाक्याला लोक लवकर हो म्हणतात, खालच्याबद्दल थोडा उशीर लागतो. 'पक्ष्यांची नावं सांगा' म्हटलं की वरची नावं आधी येतात. वाक्यात शब्द बदलून पाहिला तरी हेच दिसतं. रॉश यांचंच एक उदाहरण साधारण असं होतं: खिडकीबाहेरच्या तारांवर वीसेक पक्षी बसतात. इथे 'पक्षी' काढून 'चिमण्या' घाला, वाक्य बिनबोभाट चालतं. 'शहामृग' घाला, हसू येतं. आपण 'पक्षी' हा शब्द वापरतो तेव्हा मनात उडणारं, छोटं, फांदीवर बसणारं काहीतरी आधीच उभं असतं. शब्दाने तसं काही सांगितलेलं नसतं, पण ऐकणारा ते धरून चालतो.

हा ठळक नमुना ठरतो कशावरून? रोज दिसण्यावरून, असं चटकन वाटतं. पण कोंबडी रोज दिसत असूनही त्या यादीत खालीच होती. रॉश आणि कॅरोलिन मर्व्हिस यांनी त्याच वर्षी लोकांकडून प्रत्येक वस्तूची वैशिष्ट्यं लिहून घेतली आणि कोणती वैशिष्ट्यं किती वस्तूंमध्ये सामायिक आहेत ते मोजलं. सर्वांत नमुनेदार ठरलेल्या पाच वाहनांमध्ये 36 वैशिष्ट्यं सामायिक निघाली, सर्वांत कमी नमुनेदार पाच वाहनांमध्ये फक्त 2. फळांच्या बाबतीत तळाच्या पाचांमध्ये सामायिक असं एकही निघालं नाही. म्हणजे नमुनेदार वस्तू ती, जिच्यात त्या वर्गातल्या इतरांची लक्षणं सर्वांत जास्त एकवटलेली असतात, आणि शेजारच्या वर्गांची कमीत कमी. तळाच्या वस्तू एकमेकींसारख्या नसतात. त्या प्रत्येकी वेगवेगळ्या बाजूने मधल्या घोळक्याला चिकटलेल्या असतात.

इथपर्यंत ऐकल्यावर कोणीही म्हणेल, 'म्हणजे फळ, पक्षी, वाहन या सगळ्यांच्या कडा विरत जाणाऱ्या आहेत.' सत्तरच्या दशकात अनेकांनी तसंच म्हटलं. लोत्फी झादे यांचं धूसर संचांचं गणित 1965 पासून हाताशी होतंच. त्यात एखादी वस्तू संचात 0.3 किंवा 0.8 इतकी 'असू' शकते. नमुनेदारपणाचे अंक त्या गणितात टाकायचा मोह झाला, आणि 'पेंग्विन हा 0.5 पक्षी' अशी भाषा सुरू झाली. तुमच्या प्रश्नातला 'अर्धवट पक्षी' तिथून आलेला आहे.

या मोहाला सर्वांत सुंदर उत्तर 1983 साली शॅरन आर्मस्ट्राँग, लाइला ग्लाइटमन आणि हेन्री ग्लाइटमन यांनी दिलं. त्यांनी रॉश यांचीच पट्टी घेतली आणि ती विषम संख्यांना लावली. विषम संख्येची व्याख्या शाळकरी मुलालाही येते: दोनने भागल्यावर बाकी एक उरते ती. कड इतकी धारदार की वादाला जागाच नाही. तरीही लोकांनी 3 ला सरासरी 1.6 अंक दिला, म्हणजे छान विषम संख्या, आणि 447 ला 3.7, म्हणजे जेमतेम! मग लोकांना थेट विचारलं की एखादी विषम संख्या दुसरीपेक्षा अधिक विषम असू शकते का. सगळ्यांचं उत्तर होतं, 'नाही'. आणि असं ठामपणे 'नाही' म्हणणारेच पट्टी समोर ठेवली की कमी-जास्त अंक देत होते.

त्यामुळे कुणी 'अमुक शब्दाचे नमुने कमी-जास्त चांगले आहेत, म्हणजे त्याचा अर्थ धूसर आहे' असं म्हणालं तर त्याला 447 दाखवावं. कमी-जास्त अंक मिळणं ही गोष्ट धारदार कडेच्या शब्दांतही घडते, धूसर कडेच्या शब्दांतही घडते. तिच्यावरून कडेबद्दल काहीच कळत नाही.

मग धूसर कड ओळखायची कशी?

इथे कपाकडे येऊ. विल्यम लबोव्ह या भाषावैज्ञानिकाने 1973 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा आहे आणि अजूनही त्याच्या तोडीचा दुसरा मला माहीत नाही. त्याने भांड्यांची रेखाचित्रं काढली. सगळ्यांना कान, सगळी गोल, खाली निमुळती. बदलत होतं ते फक्त रुंदी आणि खोली यांचं प्रमाण. पहिल्या चित्रात रुंदी खोलीइतकीच, म्हणजे 1. पुढे 1.2, 1.5, 1.9, आणि शेवटचं 2.5, म्हणजे चांगलंच पसरट. (बिनकानाची, दोन कानांची, उंच नळकांड्यासारखी अशी इतर चित्रंही होती, ती सोडून देऊ.) चित्रं एकामागून एक दाखवून विचारायचं: याला काय म्हणाल?

पहिल्या चित्राला सगळे कप म्हणतात. भांडं पसरट होत जातं तसं 'कप' म्हणणारे कमी होतात, 'वाडगा' म्हणणारे वाढतात. कुठेही कडेलोट नाही, उतार आहे. यानंतर लबोव्हने तीच चित्रं पुन्हा दाखवली, पण आता सांगितलं की कल्पना करा, हे भांडं जेवणाच्या टेबलावर आहे आणि त्यात कुस्करलेले बटाटे आहेत. लगेच 'वाडगा' हे उत्तर अरुंद भांड्यांकडे सरकलं; आधी ज्याला लोक कप म्हणत होते त्यालाच आता वाडगा म्हणू लागले. कॉफीची कल्पना करायला सांगितली तर उलट, कप पसरट भांड्यांपर्यंत टिकला. रेषा त्याच, कागद तोच, फक्त आत काय आहे ते बदललं.

धूसर कडेची पहिली खूण ही की संदर्भ बदलला की कड सरकते. विषम संख्यांशी ताडून पाहा. 447 कोणत्याही संदर्भात विषमच राहते. ती घराचा क्रमांक असो की पानाचा. पेंग्विनही प्राणिसंग्रहालयात असो, बर्फावर असो, चित्रात असो, पक्षीच.

पण लबोव्हच्या आलेखात एक मेख आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तो उतार हा सगळ्या लोकांचा मिळून आहे. समजा दहा माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या मनात कपाची कड अगदी धारदार आहे, पण वेगवेगळ्या जागी. एकाची 1.3 ला, दुसऱ्याची 1.4 ला, तिसऱ्याची 1.6 ला, असं करत शेवटच्याची 2.3 ला. प्रत्येक जण आपापल्या रेषेच्या अलीकडे ठाम 'कप' म्हणतो आणि पलीकडे ठाम 'वाडगा'. आता दहांची उत्तरं एकत्र करून आलेख काढा. 1.2 ला दहा जण कप म्हणतात, 1.5 ला आठ, 1.9 ला चार-पाच, 2.5 ला कोणीच नाही. उतार तसाच्या तसा, आणि एकाही माणसाच्या डोक्यात धूसर काही नाही! गटाचा गुळगुळीत आलेख म्हणजे व्यक्तीच्या मनातली धूसरता, असं समजणं हा या क्षेत्रातला फार जुना घोटाळा आहे.

म्हणून दुसरी खूण लागते: तोच माणूस, तीच वस्तू, काही दिवसांनी तेच उत्तर देतो का?

हे मायकेल मॅक्लॉस्की आणि सॅम ग्लक्सबर्ग यांनी 1978 मध्ये तपासलं. 30 जणांना वस्तू आणि वर्ग अशा जोड्या दिल्या आणि फक्त हो की नाही विचारलं. साधारण महिन्याभराने त्याच जोड्या त्याच लोकांना पुन्हा. खुर्ची हे फर्निचर आहे, काकडी हे फर्निचर नाही, अशा दोन्ही टोकांना सगळे एकमुखी आणि दोन्ही वेळा सारखेच. गंमत आहे ती मधल्या जोड्यांत.

'स्ट्रोक म्हणजे मेंदूचा झटका, हा रोग आहे का?' 16 जण हो, 14 जण नाही. 'भोपळा हे फळ आहे का?' पुन्हा 16 आणि 14. 'जळू हा कीटक आहे का?' 13 हो, 17 नाही. नुसते हे आकडे पाहिले तर तिन्ही शब्द सारखेच धूसर वाटतात, मतं जवळजवळ निम्मी-निम्मी. आता महिन्याने किती जणांनी आपलं उत्तर फिरवलं ते पाहा. स्ट्रोकच्या बाबतीत 11 जणांनी. भोपळ्याच्या बाबतीत 8 जणांनी. जळूच्या बाबतीत फक्त 3.

जळूबद्दल लोकांत मतभेद होता, पण प्रत्येक जण आपल्या मताशी स्थिर होता. काहींना वाटत होतं की जळू कीटक असते, काहींना माहीत होतं की ती गांडुळाच्या गोत्रातली आहे. तो माहितीतला फरक आहे. कोणी प्राणिशास्त्राचं पुस्तक उघडून दाखवलं तर वाद मिटतो. 'कीटक' या शब्दाची कड यात धूसर ठरत नाही; लोकांना जळूची अंगरचना ठाऊक नव्हती इतकंच. स्ट्रोकचं तसं नाही. एकाच माणसाने या महिन्यात हो म्हणायचं आणि पुढच्या महिन्यात नाही. मधल्या काळात स्ट्रोकबद्दल त्याला नवीन काही कळलेलं नसतं. 'रोग' या शब्दाने त्या जागी त्याला पक्का आधारच दिलेला नाही. अचानक येतो म्हणून तो अपघातासारखा वाटतो, शरीराच्या आत बिघडतं म्हणून रोगासारखा वाटतो, आणि त्या क्षणी जे लक्षण आधी डोक्यात येईल तसं उत्तर येतं.

हे आकडे अर्थातच तिकडच्या इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचे आहेत. दुसऱ्या भाषेत जोड्या बदलतील, आकडे बदलतील. पण 'किती जण असहमत' आणि 'किती जणांनी स्वतःचंच उत्तर फिरवलं' हे दोन स्तंभ वेगळे ठेवायची शिस्त कुठेही लागू पडते. आमच्या कामात एखाद्या शब्दावर संपादकांत जुंपली की मी आधी हेच बघतो. भांडण दोन ठाम बाजूंचं आहे, की प्रत्येकाचंच उत्तर डळमळतंय? पहिलं असेल तर माहिती शोधायची. दुसरं असेल तर माहिती शोधून काही मिळत नाही, व्याख्येतच सैलपणा ठेवावा लागतो.

भोपळ्यात आणखी एक गुंता आहे. कपाची कड एका पट्टीवर विरते, कारण रुंदी हळूहळू वाढते. भोपळ्याच्या बाबतीत असं हळूहळू काही नाही. तिथे दोन कसोट्या एकमेकींशी भांडतात. वनस्पतिशास्त्र म्हणतं, फुलातल्या अंडाशयापासून तयार होतं आणि आत बिया आहेत, म्हणजे फळ. स्वयंपाकघर म्हणतं, शिजवून जेवणात खातात, म्हणजे भाजी. दोन्ही कसोट्या आपापल्या जागी पुरेशा स्पष्ट आहेत. टोमॅटोवरून हा वाद 1893 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, कारण 1883 च्या कायद्यानुसार आयात भाज्यांवर कर होता आणि फळांवर नव्हता. न्यायालयाने टोमॅटो भाजी ठरवला. शास्त्रीयदृष्ट्या ते फळ आहे हे न्यायालयाने नाकारलं नाही. लोक रोजच्या बोलण्यात शब्द कसा वापरतात ते धरलं. कर घ्यायचा की नाही याला 'जरासा' असं उत्तर चालत नाही. म्हणून कुणीतरी रेषा ओढावी लागते, आणि ती त्या कामापुरती असते.

बोलण्यातून मिळणाऱ्या चाचण्या

प्रयोगशाळा नसली तरी या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, कारण रोजच्या भाषेतच त्यासाठी छोटे छोटे शब्द आहेत. जॉर्ज लेकॉफ या भाषावैज्ञानिकाने 1973 मध्ये अशा शब्दांचा अभ्यास केला. मराठीत बघा. 'शास्त्रीयदृष्ट्या पेंग्विन हा पक्षी आहे' हे वाक्य सहज चालतं. 'शास्त्रीयदृष्ट्या चिमणी ही पक्षी आहे' हे मात्र विचित्र वाटतं. ऐकणारा विचारेल, मग दुसऱ्या कोणत्या दृष्टीने नाही? वटवाघळाला तर हे लागतच नाही, त्याला 'पक्ष्यासारखं' म्हणावं लागतं. म्हणजे 'शास्त्रीयदृष्ट्या' हा शब्द भिंतीच्या आतल्या, पण मध्यापासून दूरच्या वस्तूंना चिकटतो, 'सारखं' भिंतीबाहेरच्यांना. 1 ते 7 च्या पट्टीला जी भिंत दिसत नव्हती ती या दोन शब्दांना दिसते.

आणि कपासाठी? 1.9 प्रमाणाचं भांडं हातात धरून कोणी म्हणालं, 'हा कप आहेही आणि नाहीही', तर ते आपण समजून घेतो. पेंग्विनबद्दल कोणी 'तो पक्षी आहेही आणि नाहीही' म्हणालं तर आपण त्याची चूक सुधारतो. हीच माझी सर्वांत आवडती चाचणी.

दुसरी चाचणी 'पण'ची. ती वस्तूबद्दल काही सांगत नाही, लक्षणांबद्दल सांगते. खुर्ची घ्या. 'खुर्ची आहे, पण तिला हात नाहीत' हे ठीक वाटतं, जरा फिकं वाटतं, कारण बिनहाताच्या खुर्च्या पुष्कळ असतात. 'खुर्ची आहे, पण तिला चार पाय नाहीत' हे चांगलं चालतं. म्हणजे चार पाय अपेक्षित आहेत, पण आवश्यक नाहीत. एका दांड्यावर फिरणारी, चाकांची खुर्ची ही खुर्चीच. 'खुर्ची आहे, पण तिला पाठ नाही' इथे ऐकणारा थांबतो आणि म्हणतो, मग ते स्टूल झालं. आणि 'खुर्ची आहे, पण तिच्यावर बसता येतं' हे उलट लावलेलं वाक्य कोलमडतंच, कारण बसणं गृहीतच आहे. 'पण'नंतर लक्षणाचा अभाव चालला तर ते लक्षण नमुन्याचं, ठळक चित्राचं. अभावाने नावच बदललं तर ते कडेचं.

आता याच खुर्चीची कड वेगवेगळ्या दिशांनी चालून बघू. पाठ कमी कमी करत जा: खांद्यापर्यंत, कमरेपर्यंत, चार बोटं, शून्य. कमरेपर्यंत खुर्ची ठाम आहे, शून्याला स्टूल ठाम आहे. चार बोटांच्या पाठीला मात्र लोक डगमगतात, आणि बैठक उंच असेल तर स्टूलकडे झुकतात, बुटकी असेल तर खुर्चीकडे. दुसरी दिशा, रुंदी. एका माणसाची दीड माणसाची करा, मग दोघांची. इथे वाट स्टूलकडे जात नाही, बाकाकडे किंवा सोफ्याकडे जाते, आणि दीड माणसाच्या बैठकीला काय म्हणायचं ते ती गादीची आहे की लाकडाची यावर ठरतं. तिसरी दिशा, पाय. चारचे तीन, तीनचा एक, एकाचं काहीच नाही, जमिनीला टेकलेली बैठक. या दिशेने कड फारच लांब आहे. पाठ असली की लोक बराच वेळ खुर्चीच म्हणत राहतात.

एकाच नामाची कड अशी एका बाजूला जवळ, एका बाजूला लांब, एका बाजूला धारदार, एका बाजूला विरळ असते. 'खुर्ची हा शब्द धूसर आहे' असं सरसकट विधान मला म्हणूनच निरुपयोगी वाटतं. कोणत्या दिशेने धूसर, हे सांगावं लागतं. आणि ते बरंचसं शेजारी कोण बसलंय यावर ठरतं. पाठीच्या दिशेला 'स्टूल' हा शब्द तयार आहे, म्हणून खुर्ची तिथे लवकर थांबते. पायांच्या दिशेला तितकं नित्याचं दुसरं नाव नाही, म्हणून ती पसरत जाते.

शेजाऱ्यांचा हा परिणाम किती मोठा असतो ते बार्बरा मॉल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1999 च्या अभ्यासात दिसतं. त्यांनी बाटल्या, बरण्या, डबे अशी 60 रोजची भांडी इंग्रजी, स्पॅनिश आणि चिनी बोलणाऱ्यांसमोर ठेवली. कोणती भांडी एकमेकांसारखी आहेत, याबद्दल तिन्ही गटांचं मत बरंच जुळलं. नावं देताना मात्र त्यांनी गठ्ठे वेगळेच पाडले. साम्य डोळ्यांना सारखंच दिसत होतं, पण नावाची कड प्रत्येक भाषेत निराळ्याच ठिकाणाहून जात होती. म्हणजे नुसतं 'नमुन्याशी किती साम्य' एवढ्यावरून नाव ठरतं, हे प्रोटोटाइप सिद्धान्ताचं सर्वांत सोपं रूपही अपुरं पडतं. मॉल्ट यांनीच 1994 मध्ये दाखवलं होतं की लोकांच्या अंदाजाने चहात पाण्याचा अंश दलदलीच्या पाण्यापेक्षा जास्त असतो. तरी दलदलीतल्याला पाणी म्हणतात आणि चहाला कोणी पाणी म्हणत नाही. कुठून आलं आणि कशासाठी आहे, हेही नावात मोजलं जातं.

आणखी एक मर्यादा आहे, ती थोडक्यात. दोन नामं जोडली की नमुन्यांची बेरीज होत नाही. गप्पी मासा हा मासा म्हणून काही उत्तम नमुना नाही, पाळीव प्राणी म्हणूनही नाही (तिथे कुत्रा-मांजर पुढे). पण 'पाळीव मासा' म्हणून तो झकास आहे. झादे यांच्या गणिताप्रमाणे जोडीतला अंक दोन्हींपैकी लहान अंकाएवढाच यायला हवा, इथे तो दोन्हींपेक्षा मोठा येतो. डॅनियल ओशरसन आणि एडवर्ड स्मिथ यांनी 1981 मध्ये धूसर संचांच्या गणितावर याच धर्तीचा हल्ला केला आणि नमुनेदारपणाचे अंक थेट सदस्यत्वाचे अंक मानण्याची पद्धत त्यानंतर बरीच मागे पडली.

आता व्याख्येत हे कसं उतरतं ते सांगतो. 'खुर्ची: एका व्यक्तीला बसण्यासाठीचे, पाठ टेकायला आधार असलेले, सहसा चार पायांचे, कधी हात असलेले आसन.' यात 'सहसा' आणि 'कधी' हे शब्द फक्त 'पण'च्या चाचणीत टिकलेल्या लक्षणांपुढे आहेत. पाठीपुढे 'सहसा' घातला असता तर स्टूल आत आलं असतं. पायांपुढचा काढला असता तर फिरती खुर्ची बाहेर गेली असती. 'पक्षी'च्या व्याख्येत पिसं आणि अंडी घालणं बिनशर्त येतं. वटवाघळाला अडवणारी भिंत पिसांचीच आहे. उडणं मात्र 'सहसा'च्या मागे जातं, आणि पेंग्विन आत पूर्णपणे उभा राहतो. कपासाठी अशी बिनशर्त भिंत मला सापडलेली नाही. लबोव्हनेही कपाची जी व्याख्या लिहिली तिच्यात एका ठरावीक प्रमाणापर्यंत शब्द नक्की लागतो आणि पुढे प्रमाण वाढेल तशी तो लागण्याची शक्यता कमी होत जाते, असंच मांडलं होतं. छापील कोशात ते सूत्र देता येत नाही. तिथे 'सहसा कान असलेले, रुंदीच्या मानाने खोल, पेय पिण्याचे लहान भांडे' असं लिहून 'वाडगा पाहा' अशी खूण करतो, आणि वाडग्याच्या नोंदीत परत कपाकडे बोट दाखवतो.